सुरगाठ, निरगाठ आणि सरकती गाठ
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आपण ताडपत्रीबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणींना वाटेल, यात बोलण्यासारखे काय आहे? चार कोपरे चार ठिकाणी बांधले की झाले! पण वाऱ्यात ताडपत्री उडाली, बांबू आडवा झाला, खाली उकळत्या चहाचे पातेले होते, असे आपल्यापैकी बहुतेकींनी कुठे ना कुठे पाहिले आहे. म्हणून ती उभी कशी करायची आणि वारा सुटला तरी ताणलेली कशी ठेवायची, एवढेच आज सांगतो.

जेठ महिना सरत आला की ज्ञानोबामाउली आणि तुकोबाराय यांच्या पालख्या पुण्यात येतात. माउलींची पालखी पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची निवडुंग्या विठोबाच्या देवळात. दोन मुक्काम करून त्या निघतात. माउलींची पालखी हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरकडे. त्या सकाळी आम्ही मंडळातल्या बायका हडपसरच्या बाजूला एका मोकळ्या मैदानाच्या कडेला निवारा उभारतो. वारकरी बायकांना चहा-पाणी, बसायला जागा, कुणाचे पाय दुखत असले तर तेल लावून देणे, इतकेच आमचे काम. त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून सारखा वाहत असतो आणि मधूनच सर येऊन जाते. आमची ताडपत्री कॅनव्हासची, म्हणजे जाड सुती कापडाची आहे, 12 फूट रुंद आणि 15 फूट लांब. तिचेच उदाहरण घेऊन पुढचे सगळे सांगतो.

आधी वारा काय करतो ते समजून घेऊ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आमच्याएवढी ताडपत्री भिंतीसारखी वाऱ्यासमोर उभी धरली, तर ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण 30 किलोचा रेटा येतो. वारा 40 चा झाला की तोच रेटा सव्वाशे किलोच्या आसपास जातो आणि 60 चा झाला की पावणेतीनशेच्या वर. म्हणजे सकाळच्या झुळकीत जी ताडपत्री दोन बायकांनी हाताने धरून ठेवता येते, ती दुपारी चार जणींना ओढून नेईल. पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन बांधून ठेवला की झाले, असे जे वाटते, त्याचा हिशेब इथे कळतो. तो कॅन फक्त वीस किलोचा असतो.

दुसरी गोष्ट, कापड फाटते ते नुसत्या जोराने नाही, हिसक्याने फाटते. सैल कापडात वारा शिरतो, ते फुगते, मग वारा क्षणभर थांबतो, कापड पडते, पुन्हा फुगते. प्रत्येक फुगण्याला दोरीला हिसका बसतो. धुतलेली चादर वाळत घालताना झटकतो तेव्हा टोकाला कसा फटकारा बसतो ते आठवा. ताडपत्री दिवसभर स्वतःला तशी झटकत असते आणि तो फटकारा दर वेळी त्याच त्या भोकांवर येतो. ताणलेल्या कापडावरून मात्र वारा घसरून जातो. म्हणून फडफड ऐकू आली की समजायचे, कुठेतरी ढिले पडले आहे.

आता ती भोके पाहू. ताडपत्रीच्या काठाला पितळेची किंवा लोखंडाची जी गोल कडी बसवलेली असते, तिला बाजारात आयलेट म्हणतात. रविवार पेठेत बोहरी आळीच्या भागात ताडपत्री, दोर, आयलेट सगळे मिळते. विकत घेताना आयलेट चमकते का यापेक्षा ते कशात बसवले आहे ते पाहा. काठ दुमडून शिवलेला हवा आणि त्या दुमडीत दोर घातलेला असला तर फार चांगले, कारण मग ओढ एका भोकावर न राहता काठभर वाटली जाते. कोपऱ्यांना कापडाचे आणखी दोन-तीन थर लावलेले असावेत. आयलेटचे दोन भाग असतात. एकाला नळीसारखी मान असते, दुसरा सपाट चकतीचा. भोक मानेपेक्षा जरा लहान पाडायचे, मान त्यातून दाबून बसवायची, चकती वरून ठेवायची आणि ठोकून मानेची कड उलटी वळवायची. भोक मोठे झाले की कापडाचे धागे धरून ठेवायला काही उरत नाही आणि आयलेट पहिल्याच वाऱ्यात निघून हातात येते. बसवल्यावर बोटाने फिरवून पाहा. सहज फिरले तर ते सैल आहे.

आमच्या ताडपत्रीला 15 फुटांच्या बाजूवर दर अडीच फुटांवर आयलेट आहे, म्हणजे कोपरे धरून सात. 12 फुटांच्या बाजूवर दर तीन फुटांवर, म्हणजे पाच. दोन्ही बाजूंना एक आयलेट बरोबर मधोमध येते, हे मुद्दाम केले आहे. ते पुढे कामाला येते. आयत्या वेळी एखादे आयलेट निघाले तर नवे भोक पाडू नका. कापडाच्या आत लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवा, कापड त्याभोवती गोळा करा आणि गोट्याच्या मागे, मानेशी, दोरी आवळून बांधा. धागे कापले जात नाहीत आणि ही जागा चांगली ओढ सोसते.

आता उभारणी. पहिल्यांदा वाऱ्याची दिशा पाहायची. मूठभर माती किंवा गवत सोडले की कळते. आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्याला ताडपत्रीची लांब बाजू द्यायची आणि ती बाजू खाली ठेवायची. उलट बाजू उंच, म्हणजे माणसे तिकडून आत येतील. उंच तोंड वाऱ्याकडे केले तर वारा आत शिरून ताडपत्री पिशवीसारखी फुगते.

मधले दोन बांबू सात सात फुटांचे. त्यांच्या डोक्याला दोर बांधून तो 15 फूट लांब आडवा ताणायचा, तेच आपले आढे. ताडपत्री त्यावर मधोमध टाकायची, म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा फूट कापड येते. बाजूची मधली आयलेट बांबूच्या डोक्याशी येतात, ती तिथेच अडकवायची. नुसते कापड ताणले आणि खाली दोर नसला तर पंधरा फुटांच्या मध्यात झोळ पडतो.

प्रत्येक बांबूला दोन दोऱ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बाहेर पसरलेल्या. एकच दोरी असली तर बांबू बाजूला लवंडू शकतो, दोन असल्या की त्रिकोण होतो. मेख बांबूपासून किती लांब ठोकायची, याचा सोपा नियम असा की जेवढा बांबू उंच तेवढेच अंतर. सात फुटांच्या बांबूला सात फूट. मेख जवळ आली तर दोरी उभी राहते आणि मेखेला सरळ वर उपसते. लांब असली की दोरी मेखेला आडवी ओढते आणि आडव्या ओढीला जमीन जास्त धरून राहते.

मग वाऱ्याकडची बाजू. तिकडची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवली की ती आढ्याच्या पायापासून साधारण साडेचार फूट बाहेर येते. तिथून दोरी कापडाच्याच उतारात सरळ खाली नेली तर ती आणखी साडेतीन फुटांवर जमिनीला लागते. तिथे मेख. कापड आणि दोरी एकाच सरळ रेषेत दिसली पाहिजेत, दोरी वाकलेली दिसली तर आयलेट एका अंगाने ओढले जात आहे. या बाजूच्या सातही आयलेटांना दोरी हवी. उलट बाजूला पाच-पाच फुटांचे तीन बांबू, दोन कोपऱ्यांना आणि एक मध्ये, आणि प्रत्येकाला पाच फुटांवर मेख. कोपऱ्याच्या दोऱ्या काठाला समांतर नाहीत, तिरक्या, कोपऱ्याच्या टोकाच्या दिशेने बाहेर जातात. म्हणजे एकूण चौदा दोऱ्या आणि चौदा मेखा. गाठीसाठी प्रत्येक दोरीला तीन फूट जास्त धरले तर आढ्यासकट 50 मीटर दोर पुरतो.

मेख ठोकताना तिचे डोके ताडपत्रीपासून बाहेरच्या बाजूला कललेले हवे आणि दोरी तिला अगदी जमिनीलगत बांधायची. डोक्याशी बांधली तर मेख तरफेसारखी उचकटते. मुरमाच्या जमिनीत दीड फुटाची लोखंडी मेख पुरेशी धरते. काळ्या मातीत मात्र ती लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि पावसानंतर तशीच बाहेर येते. तिथे एका मेखेच्या मागे हातभर अंतरावर दुसरी ठोका आणि पहिलीच्या डोक्यापासून दुसरीच्या पायथ्याशी दोरी ताणून बांधा. मेख सरकते आहे का हे ओळखायची खूण अशी की तिच्या पाठीमागे, म्हणजे ताडपत्रीच्या उलट बाजूला, मातीत फट दिसू लागते. डांबरी रस्त्यावर मेख जात नाही म्हणून काही ठिकाणी दोरी विजेच्या खांबाला बांधलेली दिसते. तसे करू नका. तिथे वाळूची पोती एकावर एक रचून त्यांना दोरी बांधा आणि सुरुवातीला सांगितलेला सव्वाशे किलोचा आकडा आठवून पोती मोजा.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले, ती गाठ. मैत्रिणींनो, परकराच्या नाडीमुळे आपल्याला दोन गाठी लहानपणापासून माहीत आहेत. ओढली की सुटते ती सुरगाठ, आणि घट्ट बसून नखे मोडायला लावते ती निरगाठ. ताडपत्रीला या दोन्हींनी भागत नाही. सुरगाठ हिसक्याने सुटते. निरगाठ सुटत नाही, पण पाऊस पडल्यावर दोरी कमी-जास्त करायची तर ओली निरगाठ सोडणार कोण? इथे तिसरी गाठ लागते, सरकती गाठ. ती हाताने सरकवली तर सरकते आणि दोरीवर ताण आला की जागच्या जागी धरते.

हातात एखादी जाडसर दोरी किंवा नाडी घ्या. तिचे एक टोक कुणाला तरी धरायला द्या, ती ताडपत्री समजा. खुर्चीचा पाय ही मेख. दोरीचे मोकळे टोक मेखेच्या पाठीमागून फिरवून पुन्हा वर, मुख्य दोरीजवळ आणा. आता मेखेपासून वर दोन दोऱ्या शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक लांबट फट आहे. मेखेपासून हातभर वर मोकळे टोक मुख्य दोरीवरून पलीकडे टाका, खालून घेऊन त्या फटीतून बाहेर काढा. हा एक वेढा झाला. तसाच दुसरा वेढा घाला, पण पहिल्याच्या खाली, मेखेच्या बाजूला. दोन्ही वेढे शेजारी शेजारी, एकावर एक चढलेले नकोत. आता टोक या दोन वेढ्यांवरून वर, ताडपत्रीच्या बाजूला न्या. तिथे मुख्य दोरीभोवती त्याच दिशेने आणखी एक वेढा घाला आणि टोक त्याच वेढ्याच्या खालून बाहेर काढा. बोटांनी वेढे जवळ आणून आवळा. झाली गाठ. लक्षात ठेवायला इतकेच की दोन आत, एक बाहेर.

आता गाठ मुठीत धरून ताडपत्रीच्या दिशेने वर सरकवा. दोरी ताणली जाईल. हात सोडा, गाठ तिथेच राहील. खाली, मेखेकडे सरकवली की दोरी सैल होते. सरकवताना दुसऱ्या हाताने मुख्य दोरी जरा आपल्याकडे ओढून ताण कमी करावा लागतो, नाहीतर गाठ हलत नाही. आणि हलत नाही म्हणूनच ती कामाची आहे.

या गाठीलाही मर्यादा आहेत. नव्या नायलॉनच्या गुळगुळीत दोरीवर ती घसरते. तिथे आत दोनऐवजी तीन वेढे घाला. तरी घसरली तर ती दोरी त्या कामाची नाही. काथ्याच्या खरखरीत सुंभावर उलट होते, गाठ धरते पण सरकत नाही. आठ मिलिमीटरची सुती किंवा विणलेली दोरी हिला उत्तम. जुन्या राहुट्यांच्या तणाव्यांना दोन भोकांची लाकडी पट्टी असे, दोरी त्यातून ओवलेली, पट्टी वर-खाली केली की ताण बदलायचा. आपली गाठ त्या पट्टीचेच काम करते. ताडपत्रीच्या बाजूच्या टोकाला मात्र सरकती गाठ नको. तिथे दोरी दुमडून पक्क्या निरगाठीचा फास करा, तो आयलेटमधून ओवा आणि दोरीचे दुसरे टोक त्यातून ओढून घ्या.

हे एवढे का, तर सुताचा स्वभाव. सुती दोर भिजला की धागे फुगतात आणि दोर आखूड होतो. सुती कापडाचेही तसेच. उन्हात कडक ताणून बांधलेली ताडपत्री सर आली की स्वतःच आणखी ओढली जाते, आणि कुणी लक्ष दिले नाही तर मेखा उपसते किंवा आयलेट फाडते. नायलॉनची दोरी भिजली की उलट जरा लांबते आणि सैल पडते. म्हणून आम्ही पाळी लावतो. आभाळ भरून आले की एक जण चौदाही दोऱ्यांवरून फिरते आणि सुती असल्या तर गाठ चार बोटे खाली घेते. पाऊस थांबून वाळले की दुसरी जण फिरून पुन्हा वर सरकवते. नायलॉन असेल तर पाऊस सुरू झाल्यावर वर सरकवायची. फेरी पाच-सात मिनिटांची असते.

फेरीत पाहायचे काय? कापडावरच्या सुरकुत्या. एखाद्या आयलेटपासून किरणांसारख्या सुरकुत्या निघाल्या असतील तर तिथे ओढ फार झाली आहे आणि शेजारच्या दोऱ्या आळशी बसल्या आहेत. त्या शेजारच्या ताणा, ही जरा सोडा. कापडात खळगा दिसला तर पाणी साचायच्या आधी दोन्हीकडच्या दोऱ्या ताणा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि घागरभर पाण्याने खळगा खोल होतो, मग तिथे दोन घागरी मावतात. सुती ताडपत्री भिजलेली असताना आतून तिला हात किंवा डोके लावू नका. धागे फुगून पाणी अडवून धरलेले असते, हात लागला की त्याच जागी गळू लागते.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. आषाढाचा वारा एका दिशेचा आणि सारखा असतो, त्याच्यासाठी वरची मांडणी आहे. चैत्र-वैशाखातला वळीव तसा नाही. तो दिशा सांगून येत नाही आणि पहिल्या झोतातच सगळा जोर लावतो. ढग काळे झाले, गार वारा अचानक अंगावर आला, लांबून गडगडले, की ताडपत्री ताणत बसू नका. आधी शेगडी बंद करा, माणसांना पक्क्या इमारतीत पाठवा, मग वाऱ्याकडच्या गाठी खाली सरकवून दोऱ्या मेखांवरून काढा आणि कापड जमिनीवर पाडून त्यावर वजन ठेवा. विजा डोक्यावर आल्या असतील तर कापडासाठीही मागे थांबू नका. अशा वेळी ताडपत्री निवारा नसते. सरकत्या गाठीचा हाही एक उपयोग, की चौदा दोऱ्या सोडायला कोयता लागत नाही.

काम संपल्यावर उतरवताना क्रम उलटा. आधी दोन्हीकडच्या कडा, शेवटी आढे. ओली ताडपत्री घडी करून ठेवली तर चार दिवसांत काळे ठिपके पडतात, तिथले सूत कुजते आणि पुढच्या वर्षी नेमके तिथे फाटते. आम्ही ती घरी आणून गच्चीवर टाकतो, दोन्ही बाजूंनी वाळवतो, दोऱ्या सोडून वेगळ्या गुंडाळतो आणि प्रत्येक आयलेट बोटाने फिरवून पाहतो. जे फिरते, त्यावर खडूने खूण करतो. ते पुढच्या जेठाच्या आत बदलून घ्यायचे असते.